रसायनाची मोजमापं – लेखांक ७ : वाफेच्या तुटीतून रेणूचं वजन

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आपल्या 'एचए'त, १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. कारखान्याला लागणाऱ्या ग्लुकोजपासून बाटलीत भरल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या क्षारापर्यंत अनेक पदार्थ पांढरी भुकटी म्हणूनच हाती येतात. अशा भुकटीच्या एका मोलचं वजन किती, हे नुसतं तोलून काढण्याची एक जुनी रीत आहे. ती ऑस्टवाल्ड आणि वॉकर यांच्या नावाने ओळखली जाते.

मागच्या लेखांकात राऊल्टचा नियम पाहिला. स्वतः न उडणारा पदार्थ पाण्यात विरघळवला की पाण्याचा बाष्पदाब उतरतो. मूळ दाबाच्या मानाने ही घट, म्हणजे (p₀ − p)/p₀, विरघळलेल्या पदार्थाच्या मोल-अपूर्णांकाएवढी असते. अडचण अशी, की ही घट फार लहान असते. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब सुमारे २३.८ मिलिमीटर पारा असतो. १०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज घातलं, तरी तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने उतरतो. म्हणून या रीतीत दाब मोजतच नाहीत, उडालेलं पाणी तोलतात.

मांडणी सरळ आहे. कोरडी हवा आधी द्रावणाच्या फुग्यांतून, मग शुद्ध पाण्याच्या फुग्यांतून आणि शेवटी कॅल्शियम क्लोराईड भरलेल्या नळ्यांतून संथपणे सोडायची. द्रावणातून जाताना हवा p एवढ्या दाबाची वाफ घेते. पाण्यातून जाताना ती p₀ पर्यंत पोचायला जेवढी कमी पडते तेवढी, म्हणजे p₀ − p, वाफ घेते. शेवटच्या नळ्या ही सगळी वाफ शोषून घेतात. तेव्हा पाण्याच्या फुग्यांची वजनातली घट भागिले नळ्यांची वजनवाढ, हीच आपल्याला हवी असलेली सापेक्ष घट.

हिशेबापुरते सोयीचे आकडे घेऊ. वरच्याच द्रावणातून हवा सोडल्यावर नळ्यांचं वजन २.००० ग्रॅमने वाढलं आणि पाण्याच्या फुग्यांचं ०.०३९२ ग्रॅमने घटलं. भागाकार ०.०१९६. १०० ग्रॅम पाणी म्हणजे ५.५६ मोल, त्यावरून विरघळलेले मोल ०.१११ येतात. २० ग्रॅमला ०.१११ ने भागलं की १८०, म्हणजे ग्लुकोजचं मोलर वस्तुमान. विद्यार्थी पुष्कळदा छेदात फक्त पाण्याचे मोल धरतात. या द्रावणाला ती सवलत चालत नाही, उत्तर १८४ येतं.

खरी कसोटी मात्र हातांची असते. दोन ग्रॅम वाफ न्यायला सुमारे ८५ ते ९० लिटर हवा लागते, आणि ती घाईने सोडली तर वाफेने पुरती भरत नाही. म्हणून प्रयोग तासन् तास चालतो. ३९ मिलिग्रॅमच्या घटीत एका मिलिग्रॅमची चूक झाली, तर उत्तर जवळजवळ पाचने हलतं. तापमान त्याहून नाजूक आहे. एका अंशाला पाण्याचा बाष्पदाब साधारण सहा टक्क्यांनी बदलतो, आणि आपण मोजतोय ती घट दोन टक्के. द्रावणाचे फुगे पाण्याच्या फुग्यांपेक्षा अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याने गरम राहिले, तर मोजायची घट पूर्ण पुसली जाते. म्हणून सगळे फुगे एकाच पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. द्रावणाचे फुगे एकापुढे एक ठेवण्यालाही कारण आहे. कोरडी हवा पहिल्याच फुग्यातलं पाणी सर्वांत जास्त ओढते, त्यामुळे तिथलं द्रावण घट्ट होत जातं. शेवटचा फुगा मूळ तीव्रतेवर टिकतो, आणि हवा बाहेर पडते ती त्याच्याशी जुळवून घेऊनच.

एवढं सांभाळूनही ग्लुकोजचं उत्तर १९८च्या आसपास येत असेल, तर आधी बरणीवरचं लेबल वाचावं. औषधी ग्लुकोज बरेचदा पाण्याचा एक रेणू धरून बसलेलं, म्हणजे मोनोहायड्रेट असतं. ते निर्जल समजून तोललं, की हिशेबात १८ची भर पडते.

पेनिसिलिन-जीच्या पोटॅशियम क्षारापाशी मात्र ही रीत अडते. त्याचं मोलर वस्तुमान ३७२.५ आहे. विरळ द्रावणात या रीतीने उत्तर त्याच्या निम्म्याजवळ, १८६च्या आसपास यायला हवं. कारण क्षार पाण्यात दोन आयनांत फुटतो, आणि बाष्पदाबाला फक्त कणांची संख्या कळते. आयन झालेत का, हे द्रावणाची विद्युतवाहकता पाहिली की लगेच समजतं. जिच्यावर तोड नाही अशी अडचण दुसरीच आहे. पाण्यात पेनिसिलिनचं बीटा-लॅक्टम वलय हळूहळू उघडत जातं. तासन् तास हवा सोडेपर्यंत फुग्यात सुरुवातीचा पदार्थ जसाच्या तसा उरलेला नसतो. याच कारणाने पेनिसिलिन-जीचं इंजेक्शन सहसा कोरड्या भुकटीच्या बाटलीत येतं आणि पाणी ऐन वेळी घालतात.