विहिरीतले पाणी आणि झरा : नवउद्योगाची पत कशी जोखावी

फेब्रुवारी २०१५मध्ये मुंबईच्या टायनीआउल या खाद्यपदार्थ मागवण्याच्या ॲपला सुमारे शंभर कोटी रुपयांचे भांडवल मिळाले. सप्टेंबरमध्येच शंभरावर नोकऱ्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये पुण्यासह चार शहरांतील कार्यालये बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा आपला हिशेब तत्काळ चुकता व्हावा म्हणून पुण्याच्या कर्मचाऱ्यांनी एका सहसंस्थापकाला कार्यालयातच रोखून धरले. पुढल्या वर्षी कंपनी रोडरनर या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

कौंडण्यपूर, तिवसा, अमरावतीकडून पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलामुलींनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी : भांडवल मिळाल्याची बातमी म्हणजे स्थैर्याचा दाखला नव्हे. गुंतवणूक हे विहिरीत टँकरने ओतलेले पाणी. ग्राहकांकडून येणारा पैसा हा झरा. म्हणून मुलाखतीत ‘किती कोटी मिळाले?’ याऐवजी ‘आज खात्यात किती आहेत आणि दरमहा किती घटतात?’ हे विचारावे.

समजा, एका कंपनीला चौदा महिन्यांपूर्वी बारा कोटी मिळाले आणि आज खात्यात चार कोटी उरले. महिन्याचा खर्च ऐंशी लाख, ग्राहकांकडून जमा तीस लाख. म्हणजे दरमहा पन्नास लाखांची तूट. चार कोटींना पन्नास लाखांनी भागले की आठ महिने येतात. यालाच ‘रनवे’ म्हणतात. नवे भांडवल उभे करायला सहा महिने सहज जातात. तेव्हा प्रत्यक्षात हाताशी उसंत दोनच महिन्यांची. ग्राहकांनी पैसे थकवले, तर आठाचे पाचच महिने होतात. जाहीर झालेली रक्कम कधीकधी हप्त्याहप्त्याने, अटी पूर्ण झाल्यावर मिळते. म्हणून ‘सगळी जमा झाली का?’ हेही विचारावे.

उत्पन्नाचा आकडा अधिक फसवा. तीनशे रुपयांच्या जेवणाच्या मागणीत ॲपचे दलाली उत्पन्न पंचेचाळीस रुपये असेल, तर तीनशेचा आकडा ‘उलाढाल’ म्हणून मिरवता येतो. त्यावर ॲपने स्वतःच्या खिशातून साठ रुपयांची सूट दिली, तर दर मागणीमागे पंधरा रुपये तोटा. अशा वेळी मागण्या वाढल्या की विहीर अधिक लवकर आटते. म्हणून ‘सूट बंद केल्यावर किती ग्राहक टिकतात?’ हा प्रश्न मोलाचा.

उत्तरे पडताळताही येतात. खासगी मर्यादित कंपन्यांचे वार्षिक ताळेबंद केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्कात पाहता येतात. मात्र ते मागच्या वर्षाचे चित्र दाखवतात; आजचे नव्हे. त्यासाठी तिथल्याच एखाद्या कर्मचाऱ्याला दोन साध्या गोष्टी विचाराव्यात : पगार तारखेला होतो का, आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम दरमहा खात्यात जमा दिसते का?

नेमके आकडे सांगायला कंपनी बांधील नाही. पण ‘वर्षभर पुरेल की दीड वर्ष?’ एवढ्याही प्रश्नाला बगल मिळाली, तर तेच उत्तर समजावे.