साडेसहा हजारांत ‘१९१० चा’ ग्रामोफोन: जाहिरात कशी वाचायची?



कर्जत-खालापूर पट्ट्यात होमस्टे, फार्महाऊस किंवा छोटा कॅफे काढायचा म्हटलं की सजावटीची यादी जवळपास ठरलेली असते. पितळी समई, झोपाळा, कंदील आणि कोपऱ्यात कर्ण्याचा ग्रामोफोन. काही जण तर अशा वस्तू आणून फार्महाऊसवाल्यांना पुरवण्याचाच धंदा करायचं बघतायत. धंदा वाईट नाही, पण खरेदी मोबाईलवर होते आणि फसगतही तिथेच होते. आज फक्त ग्रामोफोनचं बघू. तो एक नीट कळला की समई आणि घड्याळाच्या जाहिरातीही तुम्हाला वेगळ्या दिसायला लागतील.

समजा, तुमच्यासमोर अशी जाहिरात आली: ‘ओरिजिनल अँटिक एचएमव्ही ग्रामोफोन, १९१०, वर्किंग कंडिशन, रेअर पीस, फक्त ६,५००. आजच बुक करा.’ फोटो एकच. पांढरी पार्श्वभूमी, कर्णा सोन्यासारखा चमकतोय.

आधी वर्णन वाचा. ‘ओरिजिनल’, ‘रेअर’, ‘अँटिक’ हे सगळे कौतुकाचे शब्द झाले. माहिती कुठेय? पेटीची लांबी-रुंदी, कर्ण्याचा व्यास, लाकूड कुठलं, कुठे ठोका पडलाय, स्प्रिंग बदललीय का, यातलं काहीच नाही. शंभर वर्षांच्या वस्तूला खोड असतेच, आणि विकणाऱ्याने ती हाताळली असेल तर त्याला ती माहीत असते. जुन्या वस्तूंचा मुरलेला व्यापारी खोड आधी सांगतो, नाहीतर माल परत येतो हे त्याला ठाऊक असतं.

आता किंमत. ज्या माणसाला कंपनी माहितीय, साल माहितीय, ‘रेअर’ आहे हेही माहितीय, त्याला भाव तेवढा माहीत नाही? वाड्यातला माळा रिकामा करणाऱ्या आजोबांनी अज्ञानाने स्वस्तात दिलं तर समजू शकतो. पण ते आजोबा जाहिरातीत ‘१९१० रेअर पीस’ लिहीत नाहीत. ते लिहितात, ‘जुना ग्रामोफोन आहे, चालतो का माहीत नाही.’

मग ६,५०० मध्ये येतं काय? दोन शक्यता. पहिली, वस्तूच नाही, फोटो उचललेला आहे. दुसरी, वस्तू आहे पण १९१० ची नाही.

फोटोचं आधी बघू. स्क्रीनशॉट काढा, गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो तीन शहरांतल्या तीन विक्रेत्यांकडे किंवा परदेशी लिलावाच्या पानावर दिसला, तर ही वस्तू त्याच्या घरात असण्याची शक्यता फार कमी. पण लेन्सवर सगळा भरवसा टाकू नका. फोटो आरशासारखा उलटा केला किंवा कापला, तर कधीकधी जुळणी सापडत नाही. उलट खरा विक्रेताही एकच फोटो चार ठिकाणी टाकतो. म्हणून निकाल लेन्सवर नको, विक्रेत्यावर लावा. त्याला सांगा, ‘दादा, एका कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहा, तो पेटीशेजारी ठेवा आणि चावी देऊन रेकॉर्ड वाजवताना छोटा व्हिडिओ पाठवा.’ वस्तू समोर असेल तर पाच मिनिटांचं काम. ‘माल गोडाऊनला आहे’, ‘दुसरी पार्टी टोकन देतेय’ असं सुरू झालं की समजायचं.

त्याच फोनवर आणखी एक साधा प्रश्न विचारा: ‘यावर कुठली रेकॉर्ड वाजते?’ चावीचा ग्रामोफोन ७८ आरपीएमच्या, लाखेच्या जड तबकड्यांसाठी असतो. त्याची पोलादी सुई जाड असते आणि साउंडबॉक्सचं सगळं वजन तिच्यावर येतं. ती नंतरच्या प्लॅस्टिकच्या एलपीवर ठेवली तर एलपी खरवडून निघते. ‘कुठलीही वाजते साहेब, लताबाईंची एलपी लावा’ असं उत्तर आलं, तर त्या माणसाने हे यंत्र कधी वाजवलेलं नाही.

दुसरी शक्यता जास्त इंटरेस्टिंग आहे, कारण यात वस्तू खरोखर तुमच्या घरी येते. आपल्याकडे कितीतरी वर्षं नवे ‘जुने’ ग्रामोफोन जोडले जातायत. मुंबईचा चोरबाजार त्यासाठी प्रसिद्धच आहे. परदेशातले संग्राहक अशा यंत्रांना वैतागून ‘क्रॅपोफोन’ म्हणतात. कृती सोपी: झाकणाच्या, सुटकेससारख्या जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनमधली मोटर आणि थाळी काढायची, नव्या लाकडी पेटीत बसवायची, वर नवा पितळी कर्णा लावायचा आणि समोर कुत्र्याचं चित्र. एचएमव्हीचा प्रसिद्ध १०२ नंबरचा पोर्टेबल १९३१ साली आला. तशी मोटर ‘१९१०’ च्या पेटीत सापडली, तर साल कोणीतरी नंतर चिकटवलंय हे उघड आहे.

फोटोत ओळखायचं कसं? कर्णा आणि पेटी यांना जोडणारा मागचा वाकडा भाग बघा. या जोडकामात तो जाड, ओबडधोबड ओतीव पितळेचा असतो. पेटी बऱ्याचदा अष्टकोनी, कोपऱ्यांवर नक्षीदार पितळी पट्ट्या, आणि समोर कुत्र्याचा मोठा उठावदार पत्रा. मग पेटीच्या तळाचा आणि मोटरचा फोटो मागवा. बाहेरून पॉलिश मारता येतं, पण तळाला नवं लाकूड, प्लायवूड किंवा चकचकीत स्क्रू दिसले की वय कळतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: यातली एकच खूण दिसली म्हणून बनावट ठरवू नका. खऱ्या यंत्राचाही कर्णा नंतर बदललेला असू शकतो. तीन-चार खुणा एकत्र आल्या तरच बोला.

आणि असा जोडलेला ग्रामोफोन घेऊच नये असं मी म्हणत नाही. कॅफेच्या कोपऱ्याला तो झकास दिसतो. तो शोपीसच्या भावात, शोपीस म्हणूनच घ्या. ऑनलाइनची शंका वाटत असेल तर आपल्याकडून लोकल आहेच. भायखळ्याला उतरा आणि चोरबाजारात मटन स्ट्रीटवर वस्तू हातात घेऊन बघा. घासाघीस करावी लागेल, पण तळ उलटून बघता येतो.

पैशांचं थोडक्यात. वस्तू बघण्याआधी टोकन नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. त्यामुळे ‘रिफंडसाठी कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकं ते पैसे अडवणं अवघड. जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण जाहिरात पहिली गायब होते.

पुढे विकायचं असेल तर आणखी एक. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेषांत मोडतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि दगडी किंवा धातूच्या जुन्या मूर्तींची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदणी लागते. त्यामुळे ‘दीडशे वर्षांची पितळी मूर्ती, कागदपत्रं नाहीत’ ही जाहिरात खरी असली तरी तुमच्यासाठी अडचणच आहे.

बिल घेताना ‘अँटिक ग्रामोफोन’ एवढ्यावर सही घेऊ नका. ‘नवीन पेटी, नवीन कर्णा, जुनी मोटर’ असं लिहून घ्या. फार्महाऊसवाल्याला तो देताना तुमच्या बिलावरही हेच शब्द यायला हवेत.