‘प्रत्येक मूल’ म्हणजे नेमकं कोण?

एका वर्गात तीन मुलं आहेत: मीरा, सलीम आणि गौरी. समोर बाई उभ्या आहेत. बाईंनी एक गोष्ट सांगितली. मीरा हसली, सलीम हसला, गौरी मात्र गप्प राहिली. आता दोन वाक्यं पाहा. ‘मीरा हसली’ आणि ‘प्रत्येक मूल हसलं’. दोन्हींची घडण सारखीच वाटते: आधी कर्ता, मग क्रियापद. पहिल्या वाक्यातल्या कर्त्याकडे बोट दाखवता येतं. दुसऱ्या वाक्यातल्या कर्त्याकडे कसं दाखवणार? वर्गात ‘प्रत्येक मूल’ नावाचं कुणी बसलेलं नाही.

ही अडचण सोडवण्यासाठी अर्थविज्ञानाने जी पद्धत घडवली, तिची मुळं जर्मनीत आहेत. येना विद्यापीठातला गणिती गोटलोब फ्रेग याने 1891 मध्ये मांडलं की काही शब्दांचा अर्थ स्वतःत पुरा असतो, तर काहींच्या अर्थात रिकामी जागा असते. ‘मीरा’ हे पुरं आहे. ‘हसली’ ऐकलं की लगेच ‘कोण?’ असा प्रश्न येतो. ती जागा भरली की वाक्य पुरं होतं आणि ते खरं की खोटं हे सांगता येतं.

गणितात अशा रिकाम्या जागेच्या वस्तूला फंक्शन म्हणतात. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च याने 1930 नंतरच्या दशकात फंक्शन लिहिण्याची एक नेटकी रीत काढली, ती म्हणजे लॅम्डा कॅल्क्युलस. 1940 मध्ये त्याने तिला प्रकारांची शिस्त लावली. ही अवजारं माणसांच्या रोजच्या भाषेला पद्धतशीरपणे लावली ती कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड माँटेग्यूने. त्याचा 1971 मध्ये मृत्यू झाला. ‘प्रत्येक’सारख्या शब्दांवरचा त्याचा गाजलेला निबंध त्यानंतर दोन वर्षांनी, 1973 मध्ये छापून आला.

मूळ प्रकार दोनच. व्यक्ती किंवा वस्तू असेल तर e. खरं-खोटं, म्हणजे 1 किंवा 0, असेल तर t. बाकीचे प्रकार यांच्याच जोड्या लावून बनतात. ‘हसणे’ एक व्यक्ती घेतं आणि 1 किंवा 0 देतं, म्हणून त्याचा प्रकार <e,t>. लिहायचं असं:

```
λx. हसले(x)
```

याचं वाचन सोपं आहे: ‘मला एक x द्या, तो हसला की नाही ते सांगतो.’ मीरा दिली की 1 मिळतो, गौरी दिली की 0. फंक्शनच्या हाती असं काही देण्यालाच फंक्शन लागू करणं म्हणतात. नियम एकच: फंक्शन जो प्रकार मागतं, नेमका तोच त्याला मिळाला पाहिजे. ‘हसली’ची ‘हसलं’ झाली तरी प्रकार बदलत नाही. लिंग-वचनाचा मेळ ही व्याकरणाची वेगळी बाब.

सकर्मक क्रियापदाला दोन जागा असतात, पण त्या एकदम भरत नाहीत. ‘मीराने गौरीला बोलावलं’ या वाक्यात ‘बोलावलं’चा प्रकार <e,<e,t>> आहे. आधी ‘गौरीला’ घेतलं की ‘गौरीला बोलावलं’ हे <e,t> प्रकारचं फंक्शन उरतं. मग मीरा दिली की उत्तर मिळतं.

```
λy. λx. बोलावले(x, y)
```

इथे एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. मीरा आणि गौरी दोघीही e आहेत, त्यामुळे चुकून त्यांची अदलाबदल झाली तर प्रकारांचा हिशेब तक्रार करणार नाही. अर्थ मात्र उलटा होईल. कोणाला कुठे बसवायचं हे मराठीत ‘-ने’ आणि ‘-ला’ सांगतात. म्हणूनच ‘गौरीला मीराने बोलावलं’ असा क्रम फिरवला तरी कोणी कोणाला बोलावलं ते बदलत नाही.

आता पुन्हा ‘प्रत्येक मूल’कडे वळू. ते e असेल असं समजायला मन धजावतं, कारण ते नावाच्याच जागी बसतं. पण त्याची कसोटी घेता येते. ‘मीरा वर्षाच्या पहिल्या सहामाहीत जन्मली किंवा मीरा दुसऱ्या सहामाहीत जन्मली’ हे खरं असणारच. त्यात मीराऐवजी ‘प्रत्येक मूल’ घालून पाहा: ‘प्रत्येक मूल पहिल्या सहामाहीत जन्मलं किंवा प्रत्येक मूल दुसऱ्या सहामाहीत जन्मलं.’ एक मूल मार्चमधलं आणि दुसरं ऑक्टोबरमधलं असलं की हे खोटं. जी व्यक्ती आहे ती अशी वागत नाही. तेव्हा ‘प्रत्येक मूल’ e नाही.

माँटेग्यूने दिशाच उलटी केली. ‘प्रत्येक मूल’ क्रियापदाच्या जागेत बसत नाही, तेच क्रियापदाला आपल्या जागेत बसवतं. त्याचा प्रकार <<e,t>,t>: ते ‘हसलं’सारखं फंक्शन घेतं आणि 1 किंवा 0 देतं. एकटा ‘प्रत्येक’ त्याच्याही एक पायरी मागे असतो. तो आधी ‘मूल’ घेतो, मग ‘हसलं’.

```
प्रत्येक = λP. λQ. ∀x (P(x) → Q(x))
```

यातलं ∀x म्हणजे ‘कोणताही x घ्या’ आणि बाण म्हणजे ‘जर… तर’. P च्या जागी ‘मूल’ आणि Q च्या जागी ‘हसले’ ठेवलं की उरतं ते असं: कोणताही x घ्या, तो मूल असेल तर तो हसला. वर्गात तपासू. मीरा मूल आहे आणि हसली. सलीमचंही तसंच. बाई मूल नाहीत, म्हणून त्यांच्याबाबत अट लागूच होत नाही. गौरी मूल आहे, पण हसली नाही. उत्तर 0. आपण मराठी बोलणारे वाक्य ऐकताक्षणी जे ओळखतो तेच पायरीपायरीने हाती आलं.

खरी कोंडी होते ती ‘मीराने प्रत्येक मुलाला बोलावलं’ या वाक्यात. ‘बोलावलं’ e मागतं, पण ‘प्रत्येक मुलाला’ e नाही. उलट ‘प्रत्येक मुलाला’ <e,t> मागतं, पण ‘बोलावलं’ला दोन जागा आहेत. कोणीच कोणाला घेऊ शकत नाही. यावरचा प्रचलित तोडगा असा: ‘प्रत्येक मुलाला’ तात्पुरतं बाहेर काढायचं, त्याच्या जागी y ठेवायचा आणि ‘मीराने y ला बोलावलं’ यावरून λy. बोलावले(मीरा, y) हे फंक्शन करायचं. हे <e,t> झालं. बाहेर ठेवलेलं पद आता त्यावर लागू होतं.

याच युक्तीने एका जुन्या संदिग्धतेचाही उलगडा होतो. ‘प्रत्येक मुलाने एक पुस्तक वाचलं.’ सगळ्यांनी एकच पुस्तक, की ज्याने त्याने आपापलं? कोणतं पद शेवटी लागू केलं यावर ते ठरतं. शब्द तेच असतात, पण बेरजेचा क्रम वेगळा असतो.

वाचकांनी स्वतः करून पाहावा असा एक प्रयोग आहे. ‘काही मुलं हसली’साठी ∀ काढून ∃, म्हणजे ‘निदान एक x असा आहे की’, लिहायचं. नवशिके इथे बाण तसाच ठेवतात आणि फसतात. समजा वर्गात कोणीच हसलं नाही. बाई मूल नाहीत, त्यामुळे ‘मूल असेल तर हसला’ हे बाईंबाबत आपोआप खरं ठरतं आणि एकही मूल न हसता वाक्याचं उत्तर 1 येतं. बाणाच्या जागी ‘आणि’ हवा, म्हणजे ∧:

```
काही = λP. λQ. ∃x (P(x) ∧ Q(x))
```

आता कोणीच हसलं नसेल तर उत्तर 0 येतं. आपल्या वर्गात मात्र मीरा मूल आहे आणि ती हसली, म्हणून इथे उत्तर 1.