सरावाचा कागद मराठीत आणताना

कारखान्यातील करारनामे कामगारांना मराठीत समजावून सांगण्यात आमची तीस वर्षे गेली. त्यामुळे गावच्या कबड्डी संघातील मुलांनी सरावाचा एक इंग्रजी तक्ता आमच्यापुढे ठेवला, तेव्हा ‘हे एका संध्याकाळचे काम’ असे आम्ही म्हणून गेलो. ते तसे नव्हते, आणि आमच्या चुकीची किंमत एका मुलाने मोजली.

तक्त्यातील एकच ओळ पाहू. ‘अँकल होल्ड, लेफ्ट कॉर्नर, वॉक-थ्रू, थ्री सेट्स ऑफ एट, देन लाइव्ह.’ कोश उघडून आम्ही लिहिले : ‘घोटाबंधन, डावा कोपरा, चालत जाणे, आठचे तीन संच, नंतर जिवंत.’ दुसऱ्या दिवशी मुलांनी काय केले? ती मैदानाभोवती चालत चोवीस फेऱ्या मारून आली, आणि लगेच पुऱ्या जोराने पकडी करू लागली. कोपऱ्यातल्या मुलाने घोट्यावर झेप घेतली, चढाई करणाऱ्याने पाय मागे खेचला, आणि त्याचा गुडघा पहिल्याच्या तोंडावर बसला. ओठाला दोन टाके पडले.

‘वॉक-थ्रू’ म्हणजे चालणे नव्हे. जी पकड पुढे जोराने करायची, तीच आधी चालण्याच्या गतीने, जोर न लावता करून पाहणे, असा त्याचा अर्थ. चढाई करणारा चालत येतो, पाय पुढे टाकतो आणि तिथेच ठेवतो. कोपऱ्यातला खेळाडू गुडघ्यात वाकतो, हनुवटी छातीकडे घेतो, डोके समोरच्या गुडघ्यापुढून बाजूला ठेवतो आणि दोन्ही हातांनी घोटा धरतो. शेजारचा खेळाडू येऊन चढाई करणाऱ्याला अडवतो. डोके कोठे ठेवायचे हे अंगवळणी पडावे म्हणूनच ही पायरी असते, आणि आमच्या भाषांतराने नेमकी तीच गाळली होती.

मग आम्ही कोश मिटला आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन बसलो. पूर्वी हुतुतू खेळलेल्या एका वृद्ध गृहस्थांना ‘घोटाबंधन’ वाचून दाखवले, तर ते हसले. ‘अहो, ती घोट्याची पकड!’ खेळ आपलाच असल्यामुळे अशी कितीतरी नावे गावात तयार आहेत. ‘रेड’ ही चढाई, ‘चेन’ ही साखळी, ‘बॉक लाइन’ ही निदान रेषा. तेथे नवे शब्द पाडणे म्हणजे घरच्या माणसाची घरच्यांशी ओळख करून देणे होय.

उलट ‘कव्हर’ला आम्ही ‘आच्छादक’ म्हटले होते, ते कोणालाच कळेना. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून मुले कव्हर, कॉर्नर, बोनस हे शब्द दूरचित्रवाणीवर ऐकतात. पंचही तेच बोलतात. ते आम्ही जसेच्या तसे ठेवले.

‘डावा’ हा शब्द सोपा, पण त्यानेही फसवले. समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांचे डावे हात विरुद्ध बाजूंना असतात, तेव्हा डावा कोणाचा? मुलांनी ‘देवळाकडचा कॉर्नर’ असे सुचवले. तेही बरे वाटले. परंतु मध्यंतरानंतर बाजू बदलली की देऊळ दुसऱ्या हाताला जाते, आणि परगावी तर ते नसतेच. कबड्डीत डावा कॉर्नर म्हणजे मध्यरेषेकडे तोंड करून उभ्या असलेल्या पकड करणाऱ्याचा डावा. हे वाक्य आम्ही तक्त्याच्या डोक्यावर एकदाच लिहून टाकले.

आता प्रत्येक नावाची आम्ही एक परीक्षा घेतो. ज्या मुलाने कागद पाहिलेला नाही, त्याला नुसते नाव मोठ्याने सांगायचे आणि ‘करून दाखव’ म्हणायचे. त्याने भलतेच केले तर दोष नावाचा, मुलाचा नव्हे. मात्र या परीक्षेला मर्यादा आहे. नावावरून पकड कोणती ते कळते. डोके कोठे ठेवावे ते कळत नाही. म्हणून नाव आखूड ठेवून त्याखाली आज्ञेची छोटी वाक्ये द्यावी लागतात.

ती ओळ आज अशी आहे :

‘घोट्याची पकड, डावा कॉर्नर. आधी सावकाश : झेप नाही, ओढ नाही. हनुवटी छातीकडे, डोके बाजूला, दोन्ही हात घोट्याला. आठ पकडी करा आणि थांबा. असे तीन वेळा. डोके प्रत्येक वेळी बाजूला राहिले, तरच पुऱ्या जोराने.’

मूळ एका ओळीच्या पाच झाल्या. पहिल्या दोन ओळी तो ओठ फाटलेला मुलगा आता स्वतःच धाकट्यांना ओरडून सांगतो.