पुरे झालं, हे बाळाला कळतं

पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. जन्मतः तीन किलो असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोच्या आसपास पोचतं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोंची भर पडते. वाढीचा वेग मंदावतो तशी भूकही कमी होते. नेमकं तेव्हाच घरात 'हा काही खातच नाही' हे पालुपद सुरू होतं आणि मोबाइल लावून घास कोंबणं आलंच.

पावणेदोन वर्षांच्या मुलाचा एक नेहमीचा दिवस पाहा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली, म्हणजे सुमारे 800 मिली दूध. या वयाला लागणाऱ्या उष्मांकांपैकी निम्मे तर त्यातूनच मिळतात. वर येताजाता बिस्किटं. मग जेवायला भूक उरणार कुठून? तरी कार्टूनच्या नादात वाटीभर वरणभात पोटात जातो. पोट भरल्याची जाणीव रोज अशी दडपली, तर पुढे ती ऐकायची सवयच मोडते.

इथे बदल दुधापासून करावा. बाटली बंद, बिनसाखरेचं दूध कपातून, दिवसभरात 400-500 मिली. तीन जेवणं, मध्ये दोन खाणी. अधल्यामधल्या वेळी फक्त पाणी. ताटात सुरुवातीला दोन मोठे चमचे भात, एक-दोन चमचे घट्ट वरण, चमचाभर भाजी एवढंच वाढावं. आणखी मागितलं तर जरूर द्यावं. काय आणि केव्हा वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं हे मुलाने. त्याने तोंड फिरवलं, ओठ मिटले, चमचा ढकलला की ताट उचलावं. 'शेवटचा एकच घास' नको. पहिले काही दिवस रडारड होईल, एखादं जेवण अर्धवट राहील. पुढच्या खाण्यात मूल ते भरून काढतं. तूप किंवा साय मात्र परस्पर बंद करू नये, या वयात स्निग्धांश लागतोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार या वयात दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल हवी. पायऱ्या चढणं, चेंडूमागे धावणं, बादलीत पाणी भरणं-ओतणं, सगळं त्यात आलं. बाबागाडीत सलग तासाभराहून जास्त बांधून ठेवू नये.

वजन जास्त आहे की नाही, हे गुबगुबीत गालांवरून ठरत नाही. उंचीच्या मानाने वजन पाहावं लागतं. बहुतेक मुलांचं वजन उतरवायचं नसतं, उंची वाढेपर्यंत ते फार वाढू द्यायचं नसतं. आजारी, कमी वजनाच्या किंवा वजन वाढतच नसलेल्या मुलाला मात्र हे लागू नाही. त्याला डॉक्टरांकडे न्यावं. पुढच्या वेळी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात नुसतं वजन करून परतू नका, उंचीही मोजून घ्या आणि दोन्हींचा मेळ तक्त्यावर दाखवायला सांगा.