दोन लाख पानांचा हिशेब

समजा, एका ग्रंथालयाकडे जुन्या मासिकांची दोन लाख स्कॅन केलेली पानं आहेत. ती टेसरॅक्ट या मोफत ओसीआर प्रणालीतून काढण्याआधी वेगवेगळ्या दशकांतली 200 पानं चालवून पाहावीत. एका कोअरवर पानाला सरासरी 6 सेकंद लागले, तर एकूण 333 तास होतात. आठ कोअरवर तेच काम साधारण 42 तासांत उरकतं.

पानावर 2,000 अक्षरचिन्हं आणि प्रत्येकाला तीन बाइट धरले, तरी मजकूर जेमतेम सव्वा जीबी भरतो. जागा खातात ती चित्रं: पानाला 300 केबी म्हणजे 60 जीबी.

पण पुसट छपाईत ‘घ’चा ‘ध’ होतो. मुद्रितशोधनाला पानामागे दहा मिनिटं लागली, तर 33,000 तास हवेत. खरा खर्च तिथेच आहे.