नोटिशीत आधी तारीख पाहा, मग रक्कम

बँकेची सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खालची नोटीस घरी आली की सगळ्यांची नजर थेट रकमेवर जाते. ज्या तारखेवर ती नोटीस उभी असते, ती मात्र मजकुरात मध्येच एका ओळीत असते: ‘आपले खाते अमुक तारखेस एनपीए झाले आहे.’ खाते एनपीए झाल्याशिवाय ही नोटीस काढता येत नाही. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.

समजा, गृहकर्जाचा हप्ता 20,000 रुपये आहे आणि तो दर महिन्याच्या 5 तारखेला भरायचा आहे. डिसेंबर 2024 पर्यंत सगळे सुरळीत होते, जानेवारीचा हप्ता चुकला. 20 फेब्रुवारीला शाखेत जाऊन 20,000 रुपये भरले, त्यानंतर काहीच भरता आले नाही. 15 एप्रिल 2025 च्या नोटिशीत एनपीएची तारीख 5 एप्रिल दिली आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सर्वांत जुना थकीत हप्ता ज्या दिवशी देय होता, तिथून 90 दिवस मोजायचे. 5 जानेवारीपासून मोजले तर 5 एप्रिल बरोबर येते. पण फेब्रुवारीत भरलेले पैसे जानेवारीच्या हप्त्यात जमा झाले असतील, तर सर्वांत जुनी थकबाकी 5 फेब्रुवारीची ठरते आणि खाते 6 मेच्या आधी एनपीए होत नाही. मग 15 एप्रिलची नोटीस वेळेआधीची झाली.

मग ते पैसे गेले कुठे? यासाठी कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागवून घ्यावा. नोटिशीसोबतचा अर्ध्या पानाचा तक्ता पुरत नाही. उताऱ्यात 20 फेब्रुवारीची नोंद शोधावी. कधी ती रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहिलेली असते, म्हणजे बँकेकडे पोचूनही तुमच्या हप्त्यात वळती झालेली नसते. कधी तिच्यातून आधी दंड आणि बाउन्स चार्जेस कापून घेतलेले असतात. त्यामुळे जानेवारीचा हप्ता पाच-सहाशे रुपयांनी अपुरा राहतो आणि तेवढ्यावर जुनी तारीख कायम धरली जाते. असे कापण्याची मुभा करारात असू शकते, तेव्हा भरण्याचा क्रम सांगणारे कलम वाचल्याशिवाय बँकेला खोटे ठरवू नये.

आता दंड. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने व्याजदरावर चढवले जाणारे दंडव्याज बंद केले आणि त्या जागी ‘दंडात्मक शुल्क’ आणले. नव्या कर्जांना हे 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले, जुन्या कर्जांना 30 जून 2024 पर्यंत लागू करायचे होते. या शुल्कावर पुन्हा व्याज लावता येत नाही. मूळ व्याजाची चक्रवाढ मात्र नेहमीसारखीच चालते. वाद घालताना ही दोन्ही एकत्र करू नयेत.

करारात चुकलेल्या हप्त्यावर महिना 2 टक्के, म्हणजे वर्षाला 24 टक्के शुल्क असेल, तर वरच्या उदाहरणात 5 एप्रिलपर्यंत दंड होतो साधारण 1,800 रुपये. जानेवारीच्या हप्त्यावर 46, फेब्रुवारीच्या हप्त्यावर 59 आणि मार्चच्या हप्त्यावर 31 दिवस धरले की हिशेब जुळतो. तेच 2 टक्के 18 लाखांच्या संपूर्ण बाकीवर लावले, तर एकाच महिन्याचे 36,000 होतात. नोटिशीतला दंड हजारांत नसून दहा-दहा हजारांत असेल, तर तो कशावर आकारला हे आधी विचारावे.

एकूण रकमेत आणखी एक फसगत असते. ‘मुद्दल बाकी’ 18 लाख आणि खाली ‘थकीत हप्ते’ 60,000, अशी बेरीज दिसली तर थांबावे. हप्त्यात व्याजही असते आणि मुद्दलही. 9 टक्के दराने 18 लाखांवर महिन्याचे व्याज 13,500 होते, म्हणजे प्रत्येक हप्त्यातले सुमारे 6,500 रुपये त्या 18 लाखांत आधीच मोजलेले आहेत. तीन हप्त्यांचे साडेएकोणीस हजार दोनदा धरले गेले. बँकेच्या उताऱ्यात दरमहा व्याज नावे टाकून बाकी काढलेली असेल, तर थकीत व्याज वेगळे मिळवणे ही तशीच दुहेरी बेरीज.

उत्तरात ‘हिशेब चुकीचा आहे’ एवढेच लिहिले तर बँक दोन ओळींत फेटाळते. उताऱ्यातली तारीख, नोंद आणि आपला आकडा शेजारी-शेजारी मांडून कलम 13(3अ) खाली हरकत द्यावी. बँकेला ती अमान्य असेल तर 15 दिवसांत कारणांसह कळवावे लागते. ‘बाकी मान्य आहे, फक्त मुदत द्या’ असे भाबडेपणाने लिहू नये, ती लेखी कबुली ठरते. वाद नसलेली रक्कम हक्क राखून भरावी आणि ती कोणत्या हप्त्यापोटी आहे ते पावतीवर लिहून घ्यावे. रक्कम थोडी चुकली म्हणून नोटीस आपोआप रद्द होत नाही, आणि हरकत दिली म्हणून नोटिशीतली पैसे भरण्याची 60 दिवसांची मुदतही थांबत नाही. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते ते बँकेने कलम 13(4) खाली ताब्याची कारवाई केल्यावर, 45 दिवसांच्या आत. तिथे हीच हरकत पहिला कागद म्हणून लागते, तेव्हा तिची पोचपावती जपून ठेवावी.